मोडलेला उजवा हात आणि सहा पेपर: लेखनिक व चाचणीची तारीख मागणाऱ्या अर्जाचं प्रकरण

आठवीतली मुलगी, उजव्या हाताने लिहिणारी. शनिवारी, १२ जुलैला सायकलवरून पडली आणि उजव्या मनगटाजवळचं रेडियस हाड मोडलं. त्याच संध्याकाळी हाड जागेवर बसवून स्लॅब घातला, म्हणजे एका बाजूला प्लास्टरची पट्टी आणि वरून बँडेज. सूज उतरली की शुक्रवारी, १८ तारखेला पुन्हा एक्स-रे काढायचा आणि पूर्ण प्लास्टर घालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लास्टर एकूण सहा आठवडे, म्हणजे साधारण २३ ऑगस्टपर्यंत.

शाळेची पहिली घटक चाचणी गुरुवारी, १७ जुलैला सुरू होत होती. सहा पेपर, प्रत्येकी २० गुण, वेळ एक तास. क्रम असा: गुरुवारी मराठी, शुक्रवारी विज्ञान, शनिवारी हिंदी, सोमवारी इंग्रजी, मंगळवारी गणित, बुधवारी सामाजिक शास्त्र. गुणनोंदी ३१ जुलैपर्यंत पूर्ण करायच्या, असं शिक्षकांना आधीच कळवलेलं होतं. अर्ज करायला पालकांच्या हातात सोमवार ते बुधवार असे कामाचे तीनच दिवस होते.

पहिला अर्ज सोमवारी सकाळी गेला. त्यातला मुख्य मजकूर एवढाच:

"माझ्या मुलीचा हात फ्रॅक्चर झाला असून डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. तरी तिला परीक्षेसाठी लेखनिक द्यावा किंवा परीक्षा पुढे ढकलावी व योग्य ते सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

सोबत प्रमाणपत्र जोडलेलं होतं. त्यात उजव्या बाजूच्या रेडियसचं फ्रॅक्चर आणि सहा आठवडे विश्रांती, एवढाच उल्लेख. कार्यालयातून तोंडी उत्तर आलं की विश्रांती सांगितली आहे तर रजेचा अर्ज द्या, चाचणीला गैरहजर दाखवू.

उत्तर कोरडं वाटलं तरी चुकीचं नव्हतं. अर्ज वाचून मुख्याध्यापकांना नेमका काय हुकूम द्यायचा, ते त्या कागदावरून ठरत नाही. कोणता हात मोडला हे अर्जात नाही, मुलगी कोणत्या हाताने लिहिते हे प्रमाणपत्रात नाही. विश्रांती म्हटल्यावर ती शाळेत येणार की नाही, हाच प्रश्न उरतो. आणि सगळ्यात अडचणीचा शब्द म्हणजे 'किंवा'. लेखनिक आणि तारीख या दोन मागण्या एकाच वाक्यात 'किंवा'ने जोडल्या की त्या एकमेकींना कापतात. लेखनिक मिळाला तर तारीख कशाला बदलायची? आणि हात बरा झाल्यावर पेपर घ्यायचा तर लेखनिक कशाला? अशा वेळी शाळा दोन्हींतलं स्वतःला सोपं ते निवडते, आणि शाळेला सर्वांत सोपं असतं ते गैरहजेरी लावणं.

हाडाची तारीख आणि गुणनोंदीची तारीख

दुसरा अर्ज लिहिण्याआधी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, तिथेच प्रकरण सुटायला लागलं. प्लास्टर निघणार २३ ऑगस्टला. त्यानंतरही मनगट आखडलेलं असतं आणि तासभर सलग लिहिण्याइतका हात मोकळा व्हायला आणखी काही दिवस जातात. म्हणजे स्वतःच्या हाताने पेपर लिहायचा तर ऑगस्टचा शेवट उजाडणार. गुणनोंदी मात्र ३१ जुलैला बंद. हात बरा होईपर्यंत चाचणी पुढे ढकलावी, ही मागणी सहानुभूती कितीही असली तरी मान्य होण्यासारखी नव्हती. सहाही विषयांच्या शिक्षकांना नवी प्रश्नपत्रिका काढावी लागली असती, निकाल महिनाभर अर्धवट राहिला असता, आणि मुलीलाही जुलैचा अभ्यासक्रम ऑगस्टच्या शेवटी पुढच्या धड्यांसोबत करावा लागला असता.

म्हणून मागणीची वाटणी करावी लागते. हाड जुळायला लागणारे सहा आठवडे लेखनिकाने सांभाळायचे. तारीख मागायची ती पहिल्या काही दिवसांच्या दुखण्यापुरती आणि दवाखान्याच्या फेरीपुरती. पहिले दोन-तीन दिवस सूज सर्वांत जास्त असते. हात छातीच्या वर उंचावून ठेवायचा असतो, रात्री झोप धड लागत नाही. या प्रकरणात गुरुवारचा मराठीचा पेपर पडल्यापासून पाचव्या दिवशी येत होता, हात अजून स्लॅबमध्येच होता. आणि शुक्रवारी विज्ञानाच्या वेळेला मुलगी एक्स-रेसाठी दवाखान्यात असणार होती. पुढे ढकलायला हे दोनच पेपर खरे पात्र. उरलेले चार ठरल्या दिवशी, लेखनिकासह.

पण लेखनिक असूनही हाताशिवाय होत नाही असं काही उरतं का, हे विषयवार पाहावं लागतं. गणितात रचनेचा प्रश्न असतो, दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेला समांतर रेषा काढा, असा. कंपास दुसऱ्याच्या हातात देऊन ही रचना तोंडी सांगता येते, पण कंपासचं टोक मिलिमीटरभर सरकलं तर चूक कोणाची, हे परीक्षकाला ठरवता येत नाही. विज्ञानात आकृती, भूगोलात नकाशा. अशा तीन-चार गुणांसाठी अख्खा पेपर महिनाभर लांबवायची मागणी करण्यापेक्षा तेवढ्या प्रश्नाला पर्याय मागणं शहाणपणाचं. रचनेऐवजी तितक्याच गुणांचा लेखी प्रश्न, आकृतीऐवजी छापील आकृती, जिच्यातले भाग मुलगी डाव्या हाताने बोट ठेवून सांगेल, नकाशाचंही तसंच. योग्य पर्यायावर खूण करायच्या प्रश्नांना तर लेखनिकही लागत नाही. डाव्या हाताने खूण करता येते, आणि ते अर्जात लिहिलं की मागणी गरजेपुरतीच आहे हे शाळेला दिसतं.

प्रमाणपत्र पुन्हा आणावं लागलं

सोमवारी दुपारी पालक पुन्हा डॉक्टरांकडे गेले. नव्या प्रमाणपत्रात पाच गोष्टी मागून घेतल्या: उजव्या हाताचं फ्रॅक्चर आणि मुलगी उजव्या हातानेच लिहीत असल्याची नोंद, या हाताने लिहू नये, आणि ते अंदाजे कोणत्या तारखेपर्यंत, ती शाळेत बसू शकते, आणि कोणत्या दिवसापासून, १८ तारखेला तपासणीसाठी यावं लागेल, शेवटी डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. 'विश्रांती' हा शब्द काढून त्या जागी 'उजव्या हाताने लेखन व वजन उचलणे टाळावे' असं आलं. डॉक्टर लोक सवयीने विश्रांती लिहितात. त्यांच्या लेखी ती हाताची विश्रांती असते, शाळा ती मुलाची समजते. एक्स-रेची फिल्म जोडायची गरज नाही. ती कार्यालयात हरवते आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर तीच मागतात. प्रमाणपत्राची प्रत पुरते.

बोटांचा प्रश्न इथेच मिटवून घ्यावा लागतो. कोपराखालच्या प्लास्टरमध्ये बोटं आणि अंगठा मोकळे ठेवतात, आणि बोटं सतत हलवत राहा, असं डॉक्टर स्वतःच सांगतात, म्हणजे सूज उतरते आणि सांधे आखडत नाहीत. वर्गात शिक्षकांना मुलगी बोटं हलवताना दिसते, क्वचित डबा उघडतानाही दिसते, आणि मग विचारणा होते की एवढं करते तर लिहीत का नाही. पेन धरून एखादी ओळ तिला लिहिता येईलही. पण सलग लिहिताना मनगटावर दाब येतो, हात कागदावर सरकवावा लागतो, पेन घट्ट धरताना हाताचे स्नायू ओढले जातात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बसवलेलं हाड जागचं हलू शकतं. म्हणून 'बोटांची हालचाल हा उपचाराचा भाग आहे, लेखनास मनाई आहे' असं एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून घेतलं. याच कारणाने उत्तरपत्रिकेवरचं नाव आणि हजेरी क्रमांकही मुलीने स्वतः लिहू नये. तेवढंसं कौतुक नंतर अंगाशी येतं.

दुसरा अर्ज

मंगळवारी सकाळी दिलेला अर्ज पूर्ण देत आहोत. नावं काढली आहेत.

दिनांक: १५ जुलै

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव)

मार्फत: वर्गशिक्षक, इयत्ता आठवी, तुकडी ब

विषय: उजवा हात मोडल्यामुळे पहिल्या घटक चाचणीसाठी लेखनिक मिळणे, तसेच मराठी व विज्ञान या दोन पेपरची तारीख बदलून मिळणे याबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. ........, इयत्ता आठवी ब, हजेरी क्रमांक .., हिचा उजवा हात दि. १२ जुलै रोजी मनगटाजवळ मोडला आहे. ती उजव्या हातानेच लिहिते. डॉक्टरांच्या सूचनेनुसार तिने साधारण २३ ऑगस्टपर्यंत या हाताने लिहायचे नाही. दि. १९ जुलैपासून ती शाळेत येऊ शकते. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

१७ ते २३ जुलै या काळातील घटक चाचणीबाबत माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. मराठी (१७ जुलै) व विज्ञान (१८ जुलै): १७ तारखेला हाताला सूज व वेदना असतील आणि १८ तारखेला एक्स-रे व प्लास्टरसाठी तिला दवाखान्यात न्यावे लागेल. हे दोन पेपर २४ ते २९ जुलै या दरम्यान शाळेच्या सोयीच्या कोणत्याही दिवशी लेखनिकासह घ्यावेत. प्रश्नपत्रिका वेगळी असण्यास आमची हरकत नाही.

२. हिंदी, इंग्रजी, गणित व सामाजिक शास्त्र: हे पेपर ठरल्या तारखांनाच, लेखनिकासह घ्यावेत.

३. लेखनिक शाळेनेच द्यावा. तो खालच्या इयत्तेतील विद्यार्थी किंवा तो विषय न शिकवणारे कर्मचारी असावेत. घरातील कोणीही लेखनिक म्हणून बसणार नाही.

४. उत्तरे सांगून लिहून घेण्यास लागणाऱ्या वेळेसाठी एका तासाच्या पेपरला २० मिनिटे जादा मिळावीत, व इतरांना त्रास होऊ नये म्हणून वेगळ्या खोलीत बसवावे.

५. गणितातील रचनेच्या प्रश्नाऐवजी तितक्याच गुणांचा लेखी प्रश्न द्यावा. विज्ञानातील आकृती व भूगोलातील नकाशा छापील मिळाल्यास ती डाव्या हाताने बोट दाखवून उत्तर सांगेल. पर्यायावर खूण करण्याचे प्रश्न ती स्वतः डाव्या हाताने सोडवेल.

पेपरच्या वेळी तिचा हात झोळीत किंवा टेबलावर आधार देऊन ठेवलेला असावा. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना एकदम वाढल्या, तर पेपर थांबवून मला तत्काळ फोन करावा. दि. १८ च्या तपासणीनंतर डॉक्टरांच्या सूचनेत बदल झाल्यास मी त्याच दिवशी लेखी कळवेन.

आपला निर्णय वर्गशिक्षकांमार्फत १६ जुलैपर्यंत कळल्यास लेखनिकासोबत थोडा सराव करून घेता येईल.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत

अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक आवक नोंदवहीत चढवून कार्यालयात दिली, दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतला. वर्गशिक्षकांना मोबाइलवर फोटोही पाठवला, कारण कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाऊन परत येईपर्यंत परीक्षा विभागाने बैठकव्यवस्था लावलेली असते.

२० मिनिटं कुठून आली

जादा वेळेचा आकडा मनाने टाकलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिव्यांग परीक्षार्थींच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला होता. अर्जात मात्र त्यांचा हवाला दिला नाही, आणि ते मुद्दाम. ती तत्त्वं दिव्यांग व्यक्तींसाठी आहेत. सहा आठवड्यांत जुळणारं हाड त्यांत बसत नाही. 'कायद्याने आमचा हक्क आहे' असं लिहिलं असतं तर कार्यालयाने दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागितलं असतं आणि चर्चा तिथेच अडकली असती. घटक चाचणी ही शाळेची अंतर्गत परीक्षा. तिच्यात लेखनिक द्यायचा, वेळ वाढवायचा, तारीख बदलायची, हे मुख्याध्यापक स्वतःच्या पातळीवर ठरवू शकतात. विनंतीच्या भाषेत आणि रूढ मापात मागितलं की त्यांना होकार देणं सोपं जातं. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर गोष्ट वेगळी. तिथे मंडळाचा स्वतःचा अर्ज, स्वतःच्या मुदती आणि प्रमाणपत्र कोणत्या दर्जाच्या डॉक्टरांचं हवं याचे नियम असतात. शाळेतली ही मंजुरी तिथे चालत नाही.

शाळेने काय मान्य केलं आणि काय अडलं

बुधवारी उत्तर मिळालं. तारखांची, जादा वेळेची आणि वेगळ्या खोलीची विनंती मान्य. छापील आकृती व नकाशाही मान्य. गणिताच्या शिक्षकांनी रचनेऐवजी वेगळा प्रश्न द्यायला नकार दिला, त्याऐवजी रचनेच्या पायऱ्या क्रमाने तोंडी सांगायच्या आणि गुण त्या पायऱ्यांना द्यायचे, असं सुचवलं. हा तोडगा मागितलेल्यापेक्षा बरा होता. वर्गात जे शिकवलं तेच तपासलं जात होतं आणि नवा प्रश्नही काढावा लागत नव्हता.

खरी अडचण आली ती लेखनिकाची. सहावी-सातवीच्या मुलांचीही चाचणी त्याच दिवशी, त्याच पहिल्या दोन तासिकांना होती. खालच्या इयत्तेतला लेखनिक मागणाऱ्या बहुतेक अर्जांची गाठ इथेच बसते, आणि ती शेवटच्या सकाळी लक्षात येते. शाळेकडे दोन वाटा होत्या. एक, मुलीचा पेपर तिसऱ्या-चौथ्या तासिकेला घ्यायचा. पण मग वर्गाचा पेपर सुरू झाल्यापासून तिचा पेपर संपेपर्यंत तिला वर्गमैत्रिणींपासून वेगळं बसवावं लागतं, नाहीतर प्रश्न आधीच कानावर पडतात. दुसरी, ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना बसवायचं. शाळेने ठरल्या दिवसांच्या पेपरना ग्रंथालयातल्या कर्मचारी बाईंना दिलं आणि पुढे ढकललेल्या पेपरना सहावीतली एक मुलगी दिली, कारण तोवर सहावीची चाचणी संपलेली असणार होती. अर्जात 'किंवा तो विषय न शिकवणारे कर्मचारी' हे शब्द नसते तर पुन्हा कागद करावा लागला असता. पालकांनी स्वतःच लेखनिक आणू म्हणणं टाळावं. शेजारची कॉलेजातली ताई हजर असते खरी, पण तिने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवर विश्वास ठेवायला परीक्षक तयार नसतात, आणि मग बोल लागतो तो मुलीला.

शुक्रवारचा एक्स-रे

१८ तारखेला एक्स-रेत हाड थोडं सरकलेलं दिसलं. पहिल्या आठवड्यात असं होऊ शकतं. म्हणूनच तेव्हा पुन्हा एक्स-रे काढतात. सूज उतरली की स्लॅब सैल होतो आणि बसवलेलं हाड घसरायला जागा मिळते. शनिवारी सकाळी भूल देऊन हाड पुन्हा बसवलं, त्यावर पूर्ण प्लास्टर चढलं. सहा आठवड्यांची गणती नव्याने सुरू झाली आणि तारीख ३० ऑगस्टवर गेली. शनिवारचा हिंदीचा पेपर गेला. सोमवारी पुन्हा सूज असणार म्हणून इंग्रजीचाही.

दुसऱ्या अर्जातलं 'त्याच दिवशी लेखी कळवेन' हे वाक्य इथे कामी आलं. शुक्रवारी संध्याकाळीच चार ओळींचा पूरक अर्ज वर्गशिक्षकांना फोटोने गेला आणि शनिवारी कार्यालयात कागद दिला. त्यात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक, नव्या प्रमाणपत्राची तारीख, हिंदी व इंग्रजी हे आणखी दोन पेपर २९ जुलैपर्यंत घ्यावेत ही विनंती, आणि गणित व सामाजिक शास्त्राच्या तारखांत बदल नाही हे स्पष्ट वाक्य. कहाणी पुन्हा सांगितली नाही. पूरक अर्ज लांबला की वाचणारा आधीची मंजुरीही पुन्हा तपासायला घेतो.

चार पेपर २४ ते २९ जुलैमध्ये बसवायचे तर रविवार सोडून पाच दिवस. शाळेने २४ ला मराठी, २५ ला विज्ञान, २८ ला हिंदी, २९ ला इंग्रजी असे घेतले. ३० आणि ३१ तपासणीला उरले. मुदत आधीपासून चार-पाच दिवसांची मागितली होती म्हणून हे जमलं. नेमकी एकच तारीख मागितली असती तर ती बदलण्यासाठी तिसरा कागद लागला असता.

सांगणं आणि लिहिणं

लेखनिक मिळाला की काम झालं असं पालकांना वाटतं, आणि पहिल्या पेपरला वेळ अपुरा पडतो. लिहिताना मूल पुढचं वाक्य मनात जुळवत असतं. सांगताना ते अर्धं वाक्य बोलून थांबतं, मागचं बदलतं, लेखनिक खोडतो. म्हणून अर्ध्या तासाचा सराव हवा. उत्तर आधी मनात पूर्ण करायचं, मग पाच-सहा शब्दांच्या तुकड्यांत सांगायचं, विरामचिन्हं बोलून दाखवायची, आणि प्रत्येक उत्तर संपल्यावर लिहिलेलं एकदा डोळ्यांखालून घालायचं. उत्तरपत्रिका मुलीला दिसेल अशी तिच्या डाव्या बाजूला ठेवावी. लेखनिक समोर बसला तर तिला सगळं उलटं दिसतं.

गणितात घोटाळा ठरलेला. या चाचणीत घातांकांचा धडा होता. मुलीने सांगितलं, "पाचचा घात दोन छेद तीन." दोन छेद तीन हा अख्खा घातांक, असं तिला म्हणायचं होतं. लेखनिकाने ५ चा वर्ग लिहून खाली रेघ मारून ३ लिहिले. म्हणजे ५ चा वर्ग भागिले ३, अर्थ पूर्ण बदलला. सरावात हे आधी दिसलं म्हणून ठरवून घेतलं की घातांक सांगताना "वर, लहान अक्षरात" असं म्हणायचं, "वर संपलं" म्हणून खाली यायचं, आणि कंस उघडला-बंद केला हे प्रत्येक वेळी उच्चारायचं. घनमूळ सांगताना चिन्हाची आडवी रेघ कुठवर न्यायची तेही. कच्चं काम मुलीने डाव्या हाताने वेडंवाकडं केलं तर ते उत्तरपत्रिकेला जोडू द्यावं. रीत तिचीच होती याचा तो पुरावा असतो.

भाषेच्या पेपरात शुद्धलेखन कोणाचं, हा प्रश्न पेपरच्या आधी विचारून घ्यायचा. सहावीतल्या लेखनिकाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर गुण कापायचे का? शाळेने ठरवलं ते असं: सलग उत्तरात लेखनिकाच्या शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, पण ज्या प्रश्नात स्पेलिंग किंवा शुद्ध रूपच विचारलं आहे, तिथे मुलीने अक्षर न अक्षर सांगायचं आणि तेच तपासायचं. इंग्रजीच्या लेखनिकाला स्पेलिंग येतं की नाही, हा मुद्दाच मग उरत नाही. लेखनिकाने प्रश्न वाचून दाखवायला हरकत नाही, अर्थ सांगायचा नाही, "असं लिहू का?" असं सुचवायचंही नाही. खोलीत पर्यवेक्षक वेगळे असावेत. लेखनिक म्हणून बसलेल्या कर्मचाऱ्यांनाच पर्यवेक्षक धरलं तर हे नियम पाळले की नाहीत, हे सांगायला तिसरं माणूस उरत नाही.

प्रत्येक उत्तरपत्रिकेवर 'लेखनिकाच्या साहाय्याने' असा शेरा, लेखनिकाचं नाव व इयत्ता किंवा पद, आणि पर्यवेक्षकांची सही घेतली. पुढे ढकललेल्या चार पेपरांवर मंजुरीचा आवक क्रमांकही टाकला. निकालपत्रक पाहणाऱ्याला अक्षर वेगळं, तारीख वेगळी दिसते आणि कारण माहीत नसतं. पालकसभेला उत्तरपत्रिका दाखवल्या तेव्हा दुसऱ्या एका पालकाने हेच विचारलं, आणि वर्गशिक्षकांनी शेऱ्यावर बोट ठेवलं.

मंजुरी चाचणीपुरतीच होती. वह्या, गृहपाठ आणि प्रकल्प यांसाठी ३० ऑगस्टपर्यंत काय करायचं, याचा वेगळा छोटा अर्ज वर्गशिक्षकांच्या नावाने दिला: मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स चिकटवू द्यावी, तोंडी गृहपाठ चालावा, आणि प्लास्टर निघाल्यावर पहिल्या आठवड्यात सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लिहायला लावू नये. प्लास्टर निघाल्याची तारीख शाळेला कळवणंही पालकांचंच काम. मदतीची गरज संपली हे लेखी दिलं नाही तर सहामाहीच्या बैठकव्यवस्थेत तिचं नाव वेगळ्या खोलीतच राहतं.